जंतू पोटाच्या अस्तरात, मग अर्ध्या भाकरीत पोट गच्च का होतं?

केळीबाग_यावल

लहान भावाबद्दल विचारतोय. वय ३४, केळीचं बागायत, रात्रीची लाइट असली की मोटार चालू करायला वावरात. पोळ्यानंतर त्याला त्रास सुरू झाला. सकाळी अकराच्या सुमारास बरगड्यांच्या खाली, मधोमध, कुणीतरी आतून कुरतडतंय असं दुखतं. काही खाल्लं की थांबतं, दोन-तीन तासांनी परत. रात्री दीड-दोनला त्यानेच जाग येते. इथपर्यंत आम्ही ॲसिडिटी म्हणून सोडून दिलं.

पण मग जेवण तुटलं. कळण्याच्या दोन भाकरी सहज खाणारा माणूस अर्ध्या भाकरीत हात धुतो, म्हणतो गळ्यापर्यंत आलं. सकाळी उमासे. जळगावला दुर्बिणीने तपासलं. रिपोर्टवर लिहिलंय : अँट्रल गॅस्ट्रायटिस, अल्सर नाही, आरयूटी पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले एच. पायलोरी नावाचा जंतू आहे, चौदा दिवसांचा कोर्स लिहून दिला. गर्दी होती, जास्त विचारता आलं नाही.

औषध सुरू आहे, औषधाबद्दल विचारत नाही. मला समजून घ्यायचंय की जखम नाही तर दुखतं कशाने? आणि भुकेनं दुखतं तर जेवायला बसल्यावर लगेच पोट भरतं कसं? दोन्ही उलट गोष्टी आहेत ना?

नानाभाऊ_अमळनेर

भाऊ, सोपं आहे. ॲसिड जास्त होतं, ते रिकाम्या पोटात अस्तराला लागतं, म्हणून कुरतडतं. खाल्लं की ॲसिड अन्नात जातं, म्हणून थांबतं. मळमळ पण ॲसिडचीच आणि पोट भरल्यासारखं वाटतं ते पण ॲसिडनेच. जंतू-बिंतू निम्म्या गावात निघतील. तिखट, चहा, तंबाखू बंद, थंड दूध चालू.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री

मना बी असंच व्हस भाऊ. सकायले चहा पिना का पोटमा कुरतडस. मी तर तीन वर्षांपासून रोज सकाळी पॅन्टोप्राझोल घेतो, गोळी चुकली की दिवस खराब. माझी पण दुर्बीण झाली होती, जंतू निगेटिव्ह आला. म्हणजे मला नुसती ॲसिडिटी, बरोबर?

रेखाताई_भुसावळ

गॅसवर ओवा आणि काळं मीठ गरम पाण्यातून द्या. आमच्या ह्यांचं पोट असंच तट्ट फुगायचं, ओव्यानं उतरलं.

केळीबाग_यावल

रेखाताई, फुगत नाही हो. हात लावला तर पोट मऊ आहे. फक्त जेवण जात नाही.

काचपट्टी

धुळ्यात बरीच वर्षं पॅथॉलॉजीत काढली. पेशंट तपासत नाही, त्यांच्या पोटाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघतो, म्हणून उपचाराचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण अस्तरात काय चाललेलं असतं ते सांगू शकतो.

जठराच्या पोकळीत ॲसिड इतकं तीव्र असतं की बहुतेक जंतू तिथे मरतात. अस्तराला ते लागत नाही, कारण अस्तरावर चिकट श्लेष्माचा थर असतो आणि त्या थरात पेशी सोडा सोडत राहतात. पोकळीत पीएच १ ते २, आणि पेशीजवळ जवळजवळ ७. फरक आहे तो मिलिमीटरपेक्षाही पातळ थरात. हा जंतू नेमका त्या थरात राहतो. त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर भरपूर असतं. जठरातल्या युरियापासून ते अमोनिया तयार करतं, त्या अमोनियाने जंतूच्या भोवतालचं ॲसिड मरतं, आणि शेपट्या हलवत तो श्लेष्मातून पेशीपर्यंत पोचतो. तुमच्या रिपोर्टमधली आरयूटी म्हणजे हीच करामत पकडणं : अस्तराचा तुकडा युरिया घातलेल्या जेलीत टाकतात, अमोनिया झाला की रंग पिवळ्याचा गुलाबी होतो.

आता जखम नसताना दुखतं कसं. जंतू अस्तराला भोक पाडत नाही. तो पेशींना चिकटतो, पेशी घाबरून रक्तातल्या पांढऱ्या पेशींना हाक मारतात, आणि त्या येऊन तिथेच तळ ठोकतात. माझ्या काचेवर दिसतं ते हे : ग्रंथींच्या तोंडाशी न्यूट्रोफिल घुसलेले, खाली लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशींची दाटी, पृष्ठभागावरच्या पेशी बुटक्या झालेल्या, श्लेष्मा कमी. दुर्बिणीतून बघणाऱ्याला नुसता लालसरपणा दिसतो, कधी तोही दिसत नाही. अशा अस्तरात पेशींमधले सांधे सैल होतात, ॲसिड थोडंथोडं आत झिरपतं, आणि आत मज्जातंतूंची टोकं असतात. सुजेतली रसायनं त्या टोकांना आधीच हळवी करून ठेवतात. त्यामुळे निरोगी पोटाला जे ॲसिड कळतही नाही, तेवढंच ॲसिड इथे दुखतं.

आणि ते चिरल्यासारखं न दुखता कुरतडल्यासारखं दुखतं, नेमकं बोट ठेवता येत नाही, मधोमध जाणवतं. आतल्या अवयवांच्या दुखण्याची ही तऱ्हाच आहे. तिथले तंतू संख्येने कमी आणि पसरलेले असतात.

नानाभाऊ_अमळनेर

काचपट्टी साहेब, शेवटी ॲसिडच म्हणालात ना? मग मी काय वेगळं बोललो?

काचपट्टी

कुरतडण्याबाबत निम्मं बरोबर बोललात नाना. या माणसाचा जंतू अँट्रममध्ये, म्हणजे जठराच्या खालच्या टोकाला आहे. तिथे डी पेशी असतात, त्या सोमॅटोस्टॅटिन सोडतात, आणि ते ॲसिडचा ब्रेक आहे. सूज आली की हा ब्रेक सैल होतो, गॅस्ट्रिन वाढतं आणि वरच्या निरोगी भागातल्या पेशी ॲसिड जास्त सोडतात. सकाळी अकराला नाश्ता उतरून गेलेला, अन्नाचा अडसर नाही. रात्री दीड-दोनचंही तसंच : ॲसिड रात्री उशिरा वाढतं आणि ते शोषायला अन्न नसतं. शिवाय रिकामं जठर साधारण दीड-दोन तासांनी एकदा जोरात आवळून स्वतःला झाडतं, आणि हळव्या अस्तरावर ते आवळणंही दुखू शकतं.

दुधाने थोडा वेळ बरं वाटतं, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम उलट गॅस्ट्रिन वाढवतात. दूध औषध म्हणून घेऊ नका, आवडत असेल तर प्या.

पण मळमळ आणि लवकर पोट भरणं ॲसिडच्या हिशोबात बसत नाही, त्यावर नंतर लिहितो. आधी शेवभाजी यांचं. तुमची दुर्बीण झाली तेव्हा पॅन्टोप्राझोल चालू होतं का?

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री

चालूच होतं की. आदल्या रात्री पण घेतली होती.

विद्या_शिरपूर

मग त्या निगेटिव्हला फारसा अर्थ नाही, दादा. मी एंडोस्कोपी विभागात सिस्टर आहे, रोज हेच सांगून थकते. ही गोळी किमान दोन आठवडे बंद ठेवून, आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद ठेवून तपासायला यायचं असतं. गोळीने जंतू मरत नाही, पण कमी होतो आणि खालच्या भागातून वर सरकतो. तुकडा घेतला खालून, तर तिथे सापडत नाही. मात्र स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. ज्यांना आधी अल्सरमधून रक्त गेलंय किंवा दुखण्याच्या गोळ्या रोज चालू आहेत, त्यांनी बंद करणं धोक्याचं असतं. डॉक्टरांना विचारून तारीख ठरवा.

आणि रक्ताच्या तपासणीवर पैसे घालू नका. जंतू गेल्यावरही तिच्यात पॉझिटिव्ह बराच काळ राहतं. श्वासाची किंवा शौचाची तपासणी बरी.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. बरं, ठेच्यानं जंतू मरतो असं वाचलंय. मग आम्हा खान्देशी लोकांना कसा काय होतो?

काचपट्टी

प्रयोगशाळेत मिरचीचा अर्क जंतूवर टाकला तर त्याची वाढ थांबते, हे खरं. माणसांना मिरची खाऊ घालून पाहिलं तेव्हा जंतूवर काहीच परिणाम झाला नाही. उलट बाजूने, तिखटामुळे हा जंतू होतोच असंही नाही. तो लहानपणी घरातूनच येतो, बहुधा तोंडातून किंवा हातातून. पण मिरचीचं तिखट ज्या तंतूंना पेटवतं, तेच तंतू इथे आधीपासून हळवे झालेले असतात. म्हणून भावाला शेवभाजी झोंबत असेल तर कोर्स होईपर्यंत सोडावी, ती रोगाचं कारण आहे म्हणून नव्हे.

रेखाताई_भुसावळ

लहानपणी घरातून? मग नातवंडांना आम्ही आपल्या ताटातून भरवतो ते? भाकरी चावून दिलेली पण आहे मी. सगळ्यांना तपासावं का आता?

विद्या_शिरपूर

ताई, घाबरू नका. मोठ्या माणसांत आपल्याकडे निम्म्याहून जास्त जणांत हा असतो, आणि बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. ढोबळमानाने दहातल्या एखाद्याला अल्सर होतो. त्रास नसलेल्या लहान मुलांना उगाच तपासत नाहीत. चावून देणं मात्र बंद करा. घरात कुणाला जठराचा कर्करोग झालेला असेल तर वेगळी गोष्ट, तेव्हा डॉक्टरांशी बोला.

चहाटळ_चोपडा

म्हणजे धाग्यातल्या निम्म्या लोकांच्या पोटात सध्या भाडेकरू आहेत. भाडं फक्त यावलवाले देताहेत.

केळीबाग_यावल

चहाटळ, हसू आलं. पण प्रश्न तोच आहे ना. निम्म्यांना काही होत नाही तर माझ्याच भावाला का? आणि काचपट्टी साहेब, मळमळ आणि पोट भरण्याचं राहिलं.

काचपट्टी

आधी मळमळ. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये हा जंतू वाढवून दाखवला. कोणी विश्वास ठेवेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलने जंतूंनी भरलेलं पेलाभर द्रावण स्वतःच पिऊन टाकलं. त्याआधी दुर्बिणीने पोट स्वच्छ असल्याची खात्री करून घेतली होती. जेमतेम आठवड्यात त्याला मळमळ, उलट्या सुरू झाल्या, तोंडाला वास येऊ लागला, आणि पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा अस्तर सुजलेलं, जंतूंनी भरलेलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

नाना, यातली गंमत अशी की त्याच्या उलट्यांमध्ये ॲसिड नव्हतं. सूज ताजी असताना पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचं रसायन सोडतात, आणि ते ॲसिडच्या पेशींना गप्प बसवतं. ॲसिड नाही आणि तरी मळमळ. म्हणजे मळमळ ॲसिडमधूनच येते असं नाही. अस्तरातल्या काही पेशी चिडल्या की सिरोटोनिन सोडतात, तिथून व्हेगस नावाचा मज्जातंतू मेंदूच्या देठापर्यंत खबर नेतो, आणि तिथे मळमळीचं केंद्र जागं होतं. विषारी काही खाल्लं तर शरीर ज्या रस्त्याने ओकायला लावतं, तोच हा रस्ता. भावाचा त्रास जुना आहे, त्याच्या पोटात ॲसिड जास्तच असेल, पण मळमळ या रस्त्यानेही येत असणार.

आता पोट भरणं. रिकामं जठर फार तर शंभर मिलिलिटरचं. पण घास उतरू लागले की त्याचा वरचा भाग आपोआप ढिला पडतो आणि लिटरभर अन्न मावतं, तरी आतला दाब जवळजवळ वाढत नाही. हे ढिलं पडणं व्हेगसच्या हुकमाने होतं. ते नीट झालं नाही तर दोन गोष्टी होतात. थोड्याच अन्नात दाब वाढतो, आणि अन्न लवकर खालच्या अँट्रममध्ये ढकललं जातं. तो भाग मुळात दाब सोसायला बनलेला नाही, आणि तुमच्या भावाचा तोच सुजलेला. त्यात सुजेने हळव्या झालेल्या तंतूंना ताण लवकर कळतो. तीन घास गेले की मेंदूला खबर जाते : भरलं, बस. म्हणून हात लावला तर पोट मऊ, आणि त्याला गळ्यापर्यंत आल्यासारखं.

तुम्ही विचारलेल्या दोन उलट गोष्टी इथे एकत्र येतात. रिकाम्या पोटी हळव्या अस्तराला ॲसिड आणि आवळणं लागतं, भरताना त्याच अस्तराला ताण लागतो. अस्तर एकच, लागणारी गोष्ट वेगळी.

पण इथे मी हात आखडता घेतो. जठर ढिलं न पडणं जंतू नसलेल्या लोकांतही दिसतं, आणि ज्यांच्यात जंतू आहे त्यांच्यात ते ठळकपणे जास्त असतं असं अभ्यासांत नीट सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे कुरतडण्याचं मी जेवढ्या खात्रीने सांगतो, तेवढ्या खात्रीने लवकर पोट भरण्याचं सांगणार नाही. तुमच्याच भावाला का, तर जंतूची जात, सूज कुठे आणि किती, आणि त्याच्या तंतूंचा स्वभाव, हे तिन्ही मिळून ठरतं. काच बघून मी सूज सांगू शकतो, माणसाला किती त्रास होत असेल ते नाही. कधीकधी काचेवर जबरदस्त सूज असते आणि तो माणूस वेगळ्याच कारणाने दुर्बिणीला आलेला असतो.

नानाभाऊ_अमळनेर

बरं. मळमळीचं मान्य. बाकी ॲसिडचं मी सोडणार नाही.

विद्या_शिरपूर

केळीबाग दादा, त्याच्या गोळ्यांत बिस्मथ असेल तर शौच काळं होतं, जीभही काळपट होते, त्याला घाबरू नका. पण शौच डांबरासारखं चिकट, उग्र वासाचं आणि सोबत चक्कर किंवा घाम असेल तर ते रक्त, लगेच दवाखाना गाठा. वजन उतरत असेल, घास अडकत असेल, रक्ताची उलटी झाली तरी थांबू नका. तोंडाला लोखंडासारखी चव येते ती मेट्रोनिडाझोलची. ते चालू असताना दारूचा थेंबही नको, वावरात मजुरांसोबत सुद्धा नाही.

केळीबाग_यावल

लोखंडाची चव अगदी बरोबर. मळमळ जास्त झाली म्हणून तो मधेच सोडायला निघाला होता. काल वहिनीने दटावून गिळायला लावली.

विद्या_शिरपूर

वहिनींना नमस्कार सांगा. अर्धवट कोर्स म्हणजे उरलेले जंतू त्या औषधाला सरावलेले. मेट्रोनिडाझोलला आपल्याकडे आधीच बऱ्याच जणांचे जंतू दाद देत नाहीत, म्हणून तर चार औषधं एकत्र देतात. जेवणानंतर घेऊन बघा, आणि उलटीच होत असेल तर डॉक्टरांना फोन करा, स्वतः कमी करू नका.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री

माझी तारीख ठरली. डॉक्टर म्हणाले दोन आठवडे गोळी बंद, मग श्वासाची तपासणी. पहिले चार दिवस फार जळणार म्हणे.

काचपट्टी

जळेल. गोळी बंद केल्यावर ॲसिड काही दिवस नेहमीपेक्षा उसळी मारतं. ते जंतूचं लक्षण समजू नका आणि घाबरून गोळीही परत घेऊ नका. फारच असह्य झालं तर साधं अँटासिड चालेल का ते डॉक्टरांना विचारा.

केळीबाग_यावल

बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतोय. कोर्स पूर्ण झाला, विद्याताईंनी सांगितल्याप्रमाणे मधे थांबून श्वासाची तपासणी केली. निगेटिव्ह. रात्रीची जाग बंद, अकराचं कुरतडणं बंद, उमासे क्वचित. पण जेवण अजून एका भाकरीवर अडलंय. दिवाळीला खापरावरचे मांडे केले होते, एकच खाल्ला. जंतू गेला तर हे का राहिलं?

काचपट्टी

न्यूट्रोफिल काही आठवड्यांत निघून जातात, लिम्फोसाइटची दाटी विरायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. तंतूंचा हळवेपणा त्याच्या मागोमाग उतरतो. जगभरच्या जाणकारांनी २०१४ मध्ये क्योटोमधल्या चर्चेत ठरवलेली कसोटी अशी : जंतू गेल्यानंतर सहा ते बारा महिन्यांत त्रास गेला, तर त्रास जंतूचा होता. राहिला, तर दुसरंच काही होतं आणि जंतू सोबतीला होता. आणि सोबतीला असणं दुर्मीळ नाही. अल्सर नसलेल्या, पोटाच्या अशाच तक्रारी असलेल्या साधारण चौदा जणांतला जंतू काढला, तर त्यातल्या एकाला जास्तीचा फायदा होतो. म्हणजे तुमच्या भावाचं कुरतडणं थांबलं, ही तशी बरी खूण आहे.

नानाभाऊ_अमळनेर

चौदात एक? मग बाकीच्या तेरा जणांचं काय होतं? कोर्स उगाच केला का?

काचपट्टी

उगाच नाही नाना. त्या तेरांतले काही जण आपोआप बरे होतात, काही तसेच राहतात. आणि पुढे अल्सर आणि कर्करोगाचा धोका कमी होतो, त्यासाठीही जंतू काढतात. एका भाकरीचं मी आज सांगू शकत नाही. उन्हाळ्यापर्यंत वाट बघा, वजनाची नोंद ठेवा. वजन उतरायला लागलं तर वाट बघायची नाही.

रेखाताई_भुसावळ

तोवर थोडं थोडं करून पाच वेळा देऊन बघा. त्यानं तर काही बिघडत नाही ना, काचपट्टी भाऊ?

काचपट्टी

नाही ताई, हे तर मीही सांगितलं असतं. ओवा मात्र तुमच्या ह्यांच्यासाठी राहू द्या.